मीठ निम्मं केलं आणि लोणच्यावर पांढरी साय आली. टाकू की वाचवू?

सई_ठाणे
सासऱ्यांना बीपी आहे, म्हणून यंदा कैरीच्या लोणच्यात मीठ निम्मंच घातलं. आईच्या वहीत एक किलो फोडींना १८० ग्रॅम मीठ आहे, मी ९० घातलं. बाकी सगळं वहीप्रमाणे: मसाला १५० ग्रॅम, तेल २५० ग्रॅम, गरम करून पूर्ण गार केलेलं. बरणी उन्हात तापवून घेतली होती, तोंडाला दादराही बांधला होता.

तीन आठवड्यांनी दादरा सोडला तर वरच्या फोडींवर पांढरी साय. दुधावर येते तशी पातळ, सुरकुतलेली. वास खराब नाही, पण लोणच्याचाही नाही. थोडा ताडीसारखा, थोडा पावासारखा. खालच्या फोडी अगदी कोऱ्या करकरीत दिसतायत. टाकू की वरचं काढून खाऊ? एक किलो कैरी गेली याचं दुःख आहे, पण सासऱ्यांना काही झालं तर त्याहून मोठं होईल.

आप्पा_दापोली
पाण्याचा हात लागला असणार, दुसरं काही नाही. फोडी पुसून पंख्याखाली वाळवल्या होत्यास का? आमच्याकडे आई लोणचं घालायच्या दिवशी आम्हा पोरांना माजघरात फिरकू देत नसे. आणि तेल कमी पडलंय. फोडींवर दोन बोटं तेल उभं राहिलं पाहिजे. तेलाखाली जंतू जगत नाही, गुदमरतो. वरची साय काढ, तेल तापवून गार करून ओत, काही होत नाही.

खवचट_वाचक
आप्पा, तुमच्या आईने तुम्हाला माजघरात येऊ दिलं नाही त्याचं कारण पाणी नसावं. फोडी मोजलेल्या असायच्या.

निवृत्त_लॅबवाली
मसाले-लोणच्याच्या कारखान्यात बावीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली, म्हणून बोलते. सई, आधी धीर धर. तुझ्या वर्णनावरून ही यीस्टची साय आहे. ताडीचा किंवा पावाचा वास त्याचाच.

आप्पांचं पाण्याबद्दलचं म्हणणं खोटं नाही, पण ओला हात हा इथे छोटा गुन्हेगार आहे. फोडींच्या आतच केवढं पाणी आहे बघा. एक किलो कैरीच्या फोडींत ८६० ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. मीठ तेलात विरघळत नाही, मसाल्यातही फारसं जात नाही, ते सगळं या पाण्यात उतरतं. आईच्या वहीप्रमाणे १८० ग्रॅम घातलं की फोडीतला रस आणि सुटलेला खार मिळून साधारण १७ टक्क्यांचं मिठाचं पाणी होतं. तुझ्या ९० ग्रॅमने ते साडेनऊ टक्क्यांवर आलं. मीठ जंतूला मारत नाही, त्याचं पाणी अडवून ठेवतं. समोर खार भरलेला असूनही त्याला तो पिता येत नाही, उलट त्याच्या अंगातलंच बाहेर ओढलं जातं. १७ टक्क्यांना बहुतेक मंडळी हात टेकतात. साडेनऊला यीस्टचं मजेत चालतं.

मग कैरीच का सडली नाही? कारण ती आंबट आहे. पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट. कच्च्या कैरीचा तो तीनच्या आसपास असतो, आणि माणसाला आजारी पाडणारे बहुतेक जिवाणू तिथे वाढू शकत नाहीत. यीस्ट आणि बुरशीला मात्र आंबटाचं वावडं नाही. म्हणून तुझ्या बरणीत नेमके तेच आले, आणि तेही वर, जिथे फोडी तेलातून डोकं काढून होत्या. होत्या ना?

सई_ठाणे
होत्या! तेल फोडींनी पिऊन टाकलं. वरच्या चार-पाच फोडी उघड्या होत्या आणि साय बरोब्बर तिथेच आहे. ताई, म्हणजे खालचं चांगलं आहे?

निवृत्त_लॅबवाली
बहुधा. पण नजरेवर आणि नाकावर सोडू नकोस. औषधाच्या किंवा प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात पीएच कागद मिळतो. खार काढताना वरून घेऊ नकोस, तेल लागलं की कागद नीट रंगत नाही. कोरडा चमचा कडेने तळापर्यंत घाल, खालचा खार काढ, वाटीत दोन मिनिटं ठेव, तेल वर आलं की खालच्या थेंबात कागद बुडव. हळदीचा पिवळा रंग फसवतो, तेव्हा थेंब कागदाच्या एका टोकाला लाव आणि ओल पुढे सरकेल तिथला रंग बघ.

हे का करायचं ते सांगते. साय स्वतः फार वाईट नाही, पण ती आंबटपणा खाऊन जगते. बरेच आठवडे जाड साय राहिली तर खालच्या खाराचा आंबटपणा उतरतो, आणि ज्या गोष्टीने बाकीच्यांना दाराबाहेर ठेवलं होतं तीच नाहीशी होते. तीन आठवड्यांत एवढं झालं नसावं. कागद चारच्या खाली दाखवत असेल तर साय आली त्या फोडी आणि त्याखालचा एक थर काढून टाक, उरलेलं स्वच्छ बरणीत घे. लोकरीसारखं, हिरवं, काळं काही दिसलं तर मात्र सगळं टाक. बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात.

आप्पा_दापोली
म्हणजे मी म्हटलं तेच झालं. तेल कमी.

निवृत्त_लॅबवाली
आप्पा, अर्धं तुमचं बरोबर. तेल हवा अडवतं, आणि साय धरणाऱ्या यीस्टला आणि बुरशीला हवा लागते. पण "तेलाखाली जंतू गुदमरतो" हे सगळ्यांना लागू नाही. काहींना हवाच नको असते, त्यांना तुमचं दोन बोटं तेल म्हणजे आयतं घर.

नलू_न्यूजर्सी
ताई, हे वाचून पोटात गोळा आला. माझा प्रश्न लोणच्याचा नाही, पण विचारतेच. मी दर महिन्याला लसूण सोलून, ठेचून ऑलिव्ह तेलात बुडवून काचेच्या बरणीत ओट्यावर ठेवते. घाईत फोडणीला बरं पडतं. मीठ चिमूटभर. मागच्या दिवाळीला तर मैत्रिणींना भेट म्हणून छोट्या बरण्या भरून दिल्या. कधी काही झालं नाही.

निवृत्त_लॅबवाली
नलू, ती बरणी आज टाक. चव बघू नकोस.

लसूण मातीत वाढतो आणि मातीत क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. सोलून, धुऊन ते जात नाहीत. उकळूनही मरत नाहीत. नुसत्या हवेत ते निपचित पडून राहतात. तुझ्या बरणीत त्यांना तिन्ही गोष्टी मिळाल्या: तेलामुळे हवा नाही, लसूण आंबट नाही, मीठ नावालाच. वर ओट्यावरची ऊब. हा जिवाणू वाढताना जे विष सोडतो त्याने नसा लुळ्या पडतात. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही, पुढे श्वासाचे स्नायू थकतात. बरेचदा ताप नसतो, म्हणून कुणाला अन्नाचा संशयच येत नाही. आणि बरणीला वास येईलच असं नाही.

हे पुस्तकातलं भय नाही. १९८५ साली कॅनडात व्हँकुव्हरच्या एका उपाहारगृहात सोयाबीनच्या तेलातला चिरलेला लसूण फ्रिजबाहेर ठेवला होता, त्यातून ३६ जण आजारी पडले. बरेच जण पाहुणे होते, आपापल्या गावी जाऊन आजारी पडले, त्यामुळे धागा जुळवायला वेळ लागला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पुन्हा तिघांना तसंच झालं, आणि मग अमेरिकेत तेलातला लसूण विकायचा तर त्यात आम्ल घातलंच पाहिजे असा नियम आला. तुझ्या दुकानातल्या बाटलीवर बघ, सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्ल लिहिलेलं असेल. ते चवीला घातलेलं नाही.

नलू_न्यूजर्सी
टाकली. खरंच टाकली, बरणीसकट. पण मग आपलं लसणाचं लोणचं? तेही तेलातच असतं की. माझी काकू वर्षभर ठेवते.

निवृत्त_लॅबवाली
काकू लिंबाचा रस किती घालतात ते विचार. भरपूर घालत असणार, आणि पाकळ्या आधी मीठ-लिंबात दोन-तीन दिवस मुरवत असणार. तो मुरवण्याचा वेळ महत्त्वाचा. खार आंबट असला तरी जाड पाकळीच्या गाभ्यापर्यंत आंबटपणा पोचायला दिवस लागतात. पीएच ४.६ च्या खाली गेला की हा जिवाणू वाढत नाही, म्हणून कारखान्यात आम्ही लसूण वाटून त्या वाटणाचाच पीएच बघायचो, नुसत्या खाराचा नाही. आधी तेलात बुडवून नंतर लिंबू पिळलं तर रस तळाशी बसतो आणि वरच्या पाकळ्या तशाच राहतात. सगळी गोष्ट क्रमात आहे.

तेलातला ताजा लसूण हवाच असेल तर फ्रिजमध्ये, तोही तीन-चार दिवसांपुरता. किंवा कोरडा ठेचून बर्फाच्या साच्यात गोठव.

प्रशांत_चिपळूण
फ्रिजमध्ये ठेवलं की जंतू मरतात ना? मग चार दिवसच का?

निवृत्त_लॅबवाली
मरत नाहीत हो, मंदावतात. ओट्यावर अर्ध्या तासात दुप्पट होणाऱ्या जिवाणूला ५ अंशांवर दुप्पट व्हायला दिवस लागू शकतो. काहींचं तर पूर्णच थांबतं. बोटुलिनमचा जो प्रकार भाज्यांत आणि मातीत जास्त सापडतो तो १० अंशांखाली वाढत नाही, पण त्याचा एक भाऊबंद ३ अंशांवरही हळूहळू हातपाय हलवतो. म्हणून फ्रिजवर सगळा भार टाकायचा नाही. आणि तुमचा फ्रिज ५ अंशांवर आहे हे तुम्ही मोजलंय का? पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर ठेवा. दाराच्या कप्प्यात आणि आतल्या कप्प्यात फरक पडतो.

मेसवाली_माया
फ्रिजवरून आठवलं. माझी मेस आहे, चाळीस डबे. रात्री उरलेला भात टोपातच झाकून ठेवते, सकाळी फोडणी घालून नाश्त्याला देते. गरम टोप फ्रिजमध्ये ठेवला तर फ्रिज बिघडतो म्हणून ओट्यावरच. मागच्या महिन्यात एका सकाळी पाच मुलांना नाश्त्यानंतर दोन-तीन तासांत उलट्या झाल्या. जुलाब नाहीत, ताप नाही, संध्याकाळी सगळे ठणठणीत. भाताला वासबीस काही नव्हता, मी स्वतः चाखला होता. चांगला चरचरीत परतला होता. मी आपलं पाण्यावर ढकललं.

आप्पा_दापोली
चरचरीत परतल्यावर कुठला जंतू राहतो? पाणीच असणार.

निवृत्त_लॅबवाली
माया, तपासणी झाल्याशिवाय खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. पण भात, खाल्ल्यावर थोड्याच तासांत उलट्या, आणि दिवसात बरं वाटणं हे चित्र बॅसिलस सिरियसचं आहे. याचेही बीजाणू असतात, तांदळाबरोबर येतात आणि भात शिजताना मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात. टोपात पाच किलो भात झाकून ठेवला तर वरून गार लागतो, पण मध्यभागी हात घालून बघ, पहाटेपर्यंत ऊब असते. त्या उबेत ते वाढतात आणि भातातच विष करून ठेवतात.

आप्पा, आता तुमचं परतणं. जिवाणू मरतात, विष राहतं. हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं, तुमची कढई त्याचं काय करणार? गंमत बघा, बोटुलिनमचं उलटं आहे. त्याचं विष दहा मिनिटं नीट उकळलं की मोडतं, पण बीजाणू राहतात. त्यामुळे "पुन्हा गरम केलं म्हणजे झालं" हे कुठे चालतं आणि कुठे नाही ते खाताना कळत नाही. नाकाचंही तेच. वास आणणारे वेगळे आणि आजारी पाडणारे वेगळे. आंबलेलं दूध वासाने कळतं कारण ते नासवणाऱ्यांचं काम. मायाच्या भाताला नासवणारे अजून पोचलेच नव्हते.

उपाय स्वस्त आहे. उरलेला भात लगेच मोठ्या परातींत दोन बोटं जाडीचा पसर, पंखा लाव. अर्ध्या-पाऊण तासात वाफ जाते, मग उथळ डब्यांत फ्रिजला लाव. साठ अंशांवरून एकवीसवर दोन तासांच्या आत आणि तिथून पाचवर पुढच्या चार तासांत आलं पाहिजे, असा व्यावसायिक स्वयंपाकघरांचा हिशेब आहे. आख्ख्या टोपाला ते जमत नाही, परातीला सहज जमतं.

मेसवाली_माया
परातीत पसरायला ओटाच नाही माझ्याकडे, ताई. बघते. बहुतेक रात्रीचा भात कमीच शिजवेन. त्या मुलांना काय सांगू तेवढं कळत नाहीये.

बांगडाप्रेमी
धागा लोणच्याचा आहे पण मीठ विषय निघालाच आहे तर माझी तक्रार ऐका. सई मीठ कमी घालून फसली, मी जास्त घालून फसलो. पावसाळ्यासाठी खारे बांगडे करून ठेवतो. मिठागराचं जाडं मीठ, चांगलं थरावर थर. यंदा ऑगस्टमध्ये डबा उघडला तर बांगडे गुलाबी! हात लावला तर बुळबुळीत. १७ टक्के-बिक्के सगळं ओलांडून मीठ होतं, खडे दिसत होते. मग हे कोण?

निवृत्त_लॅबवाली
वा, हा नमुना आवडला. मिठागरात शेवटच्या वाफ्यात पाणी आटत आलं की गुलाबी-तांबूस दिसतं, पाहिलंय? तेच हे. भरमसाट मीठ असेल तरच जगणारे जीव असतात, मीठ कमी झालं तर फुटून मरतात. ते मिठाबरोबरच तुमच्या डब्यात आले. पावसाळी दमट ऊब मिळाली की रंग धरतात. थंड जागी, दहा अंशांखाली ते जवळजवळ वाढत नाहीत, त्यामुळे खारे मासे पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवले तर हा रंग सहसा येत नाही.

हे गुलाबी जीव विषारी आहेत असं दिसलेलं नाही, पण ते मासा मऊ करून सडवतात. मी खाल्ला नसता. मला मात्र दुसरीच काळजी आहे. बांगडे मिठात घालण्याआधी किती वेळ बाहेर होते?

बांगडाप्रेमी
बाजारातून आणले सकाळी दहाला. गाडीच्या डिकीत. घरी पाहुणे. मिठात गेले संध्याकाळी चार-पाचला असतील.

निवृत्त_लॅबवाली
मे महिन्यात डिकीत सहा-सात तास. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा उबेत राहिला की काही जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. नंतर मीठ घातलं तर जिवाणू थांबतील, झालेलं हिस्टामाइन तिथेच राहतं. तळूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होणं, अंगावर गांधी, डोकं ठणकणं, आणि लोक म्हणतात "मला बांगड्याची ॲलर्जी आहे". बऱ्याचदा ती नसतेच. मीठ पुढचं थांबवतं, मागचं पुसत नाही. मासा घेतल्या क्षणापासून बर्फात, मग मिठात.

बांगडाप्रेमी
गुलाबी भाग धुऊन दोन खाल्ले होते, सांगायचं राहिलं. काही झालं नाही. बायकोने मात्र जीभ चुरचुरते म्हणून ताट बाजूला सारलं.

निवृत्त_लॅबवाली
वहिनींचं ऐका. जिभेला मिरीसारखं चुरचुरणं ही हिस्टामाइनची एक खूण आहे. नसलं म्हणजे सुरक्षित असं मात्र नाही.

प्रशांत_चिपळूण
सईताईंच्या प्रश्नाकडे परत येऊ या का? बीपीसाठी बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते लोणच्यात पूर्ण १८० ग्रॅम घातलं तर?

निवृत्त_लॅबवाली
त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम असतं. पाणी अडवायचं काम तेही बऱ्यापैकी करतं, पण कडवट चव येते. मुख्य म्हणजे मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर जास्तीचं पोटॅशियम धोक्याचं. सासऱ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

सई, तू हिशेबच उलटा धरलास. आईच्या प्रमाणात तेल-मसाला धरून सगळं लोणचं १५८० ग्रॅम होतं, त्यात १८० मीठ. दहा ग्रॅमच्या फोडीत सव्वा ग्रॅमच्या आतच मीठ. तुझ्या लोणच्याच्या फोडीत त्याच्या निम्म्याच्या थोडं वर. म्हणजे सासऱ्यांनी आईच्या लोणच्याची एक फोड खाल्ली काय किंवा तुझ्या दोन खाल्ल्या काय, मीठ जवळपास तेवढंच. पूर्ण मिठाचं लोणचं घाल आणि त्यांच्या फोडी बारीक चीर.

सई_ठाणे
ताई, कागद आणला. पहिल्यांदा हळदीने फसवलंच, दुसऱ्यांदा टोकाला लावून बघितलं, तीन आणि साडेतीनच्या मधला रंग आला. वरच्या फोडी आणि खालचा थर काढला, वाटीभर गेलं. उरलेलं छोट्या बरणीत घालून वर तेल ओतलं आणि फ्रिजमध्ये ठेवलंय. असं किती दिवस टिकेल?

निवृत्त_लॅबवाली
तारीख देणार नाही. साडेनऊ टक्के मिठाचं लोणचं मी कारखान्यात कधी बाहेर जाऊच दिलं नाही, त्यामुळे माझ्याकडे अनुभव नाही. लवकर संपव, दर आठवड्याला तेलाची पातळी बघ, पुन्हा साय दिसली तर मात्र दुसऱ्यांदा वाचवत बसू नकोस.

आप्पा_दापोली
आमच्याकडे साय आली की लोणचं उन्हात ठेवायचे आणि वर मूठभर मीठ भुरभुरायचे. कुणी मेलं नाही.

निवृत्त_लॅबवाली
मूठभर मीठ म्हणालात ना आप्पा, तेच. फक्त ते दोन दिवस रोज ढवळावं लागतं, नाहीतर वरच बसतं.

सई_ठाणे
सासऱ्यांना आज हिशेब सांगितला, एक फोड विरुद्ध दोन. ते म्हणाले, "मग आईचंच घाल, आणि फोडी बारीक करू नकोस, मी अर्धी खाईन." अर्धी कोण खातंय ते बघायला मीच बसणार आहे पानाशी.

खवचट_वाचक
आप्पांची आई तेच करायची.